सर्जनला लिहिलेलं आभाराचं पत्र: एक प्रकरण, तीन मसुदे

पार्श्वभूमी

रुग्ण 61 वर्षांचे, तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. घर सातारा जिल्ह्यात, शस्त्रक्रिया पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात. सर्जन त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि तारीख बदलली आहे.

पित्ताशयात खडे होते. दोनदा जोरात दुखून झालं होतं. दुसऱ्या वेळी ताप आला, पित्ताशयाला सूज असल्याचं सोनोग्राफीत दिसलं. औषधांनी सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं. अशा शस्त्रक्रियेत पोटावर चार लहान छिद्रं असतात आणि सगळं सुरळीत झालं तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. इथे तसं झालं नाही. आतला भाग आधीच्या सुजेमुळे एकमेकांना चिकटला होता, नळ्या वेगवेगळ्या ओळखू येत नव्हत्या. अशा वेळी दुर्बिणीतूनच पुढे जायचा हट्ट धरला, तर पित्ताशयाची नळी समजून यकृतातून येणारी मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचा धोका असतो, आणि ती इजा निस्तरायला पुन्हा मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. सर्जनने दुर्बीण बाजूला ठेवली, उजव्या बरगडीखाली पोट उघडलं आणि पित्ताशय काढलं. तासाभराचं काम जवळपास तीन तास चाललं. तिसऱ्या दिवशी पोटातली निचऱ्याची नळी काढली, सहाव्या दिवशी रुग्ण घरी गेले.

घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पत्र लिहायला घेतलं. पाठवलं मात्र दोन महिन्यांनी. मधल्या काळात या पत्राचे तीन मसुदे झाले आणि पहिले दोन का बाद झाले, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

अडचण

पहिला मसुदा त्यांनी एकट्याने, रात्री लिहिला. त्यातला मधला भाग असा होता:

"डॉक्टर, आपण साक्षात देवदूत आहात. आपल्या हातांत जादू आहे. आपण मला पुनर्जन्म दिला. आपले उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत. परमेश्वर आपल्याला शंभर वर्षांचं आयुष्य देवो आणि आपल्या हातून अशीच रुग्णसेवा घडो."

भावना पूर्ण खरी होती. घरात हे वाचून पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. तरीही पत्र दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच खटकलं, आणि का ते सांगता येईना. कारण सापडलं ते मुलीच्या एका प्रश्नातून: "हे पत्र मोतीबिंदूच्या डॉक्टरांना पाठवलं तर चालेल का?" चाललं असतं. पाच वाक्यांत पित्ताशय नव्हतं, तो दिवस नव्हता, त्या सर्जनही नव्हत्या. 'देवदूत' हा शब्द कुठल्याही डॉक्टरला लावता येतो, म्हणूनच तो एका डॉक्टरपर्यंत पोचत नाही. शिवाय 'पुनर्जन्म' इथे खरा नव्हता. ठरवून, तयारीनिशी केलेली शस्त्रक्रिया होती. रुग्ण मरणाच्या दारातून परतले नव्हते. सर्जनला हे रुग्णापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यामुळे असं वाक्य वाचताना तिचं मन पुढचं सगळंच थोडं वजा करून वाचतं.

दुसरा मसुदा मुलीने करून दिला. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तिने डिस्चार्ज कार्ड समोर ठेवलं, आणि वडिलांनी त्यावर कार्यालयातली सवय चालवली:

"विषय: पित्ताशय शस्त्रक्रियेबाबत आभार. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, दि. 20 जानेवारी रोजी माझ्यावर पित्ताशयाची शस्त्रक्रिया करण्यात आली. चिकटलेपणामुळे दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया पूर्ण होऊ न शकल्याने खुल्या पद्धतीने करण्यात आली. तिसऱ्या दिवशी ड्रेन काढण्यात आला. बायोप्सी अहवालात जुनाट दाह व खडे आढळून आले. सद्यःस्थितीत प्रकृती समाधानकारक आहे. सबब आपले आभार मानण्यात येत आहेत."

यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे आणि प्रत्येक गोष्ट सर्जनला आधीच माहीत आहे. कारण हे तिच्याच कागदाचं उलटं प्रतिबिंब आहे. दुसरा दोष भाषेतला, आणि तो जास्त खोल आहे. 'करण्यात आली', 'काढण्यात आला', 'मानण्यात येत आहेत'. मराठीतली ही रचना करणाऱ्याला वाक्यातून बाहेर काढते. सरकारी पत्रात तिचा उपयोगच तो असतो. पण आभाराच्या पत्रात करणारा माणूस हाच तर विषय असतो. या मसुद्यात शस्त्रक्रिया कुणी केली हे कुठेच नाही आणि आभार कोण मानतं आहे हेही नाही. 'होऊ न शकल्याने' या शब्दांनी तर नकळत एक अपयश नोंदवलं, जे अपयश नव्हतंच.

पुढे असलेले पर्याय

पत्र सोडून देऊन दुसरं काही करावं, असाही विचार घरात झाला. मुलाचं म्हणणं, रुग्णालयाच्या पानावर पाच तारे देऊन तिथेच चार ओळी लिहाव्यात. ते लवकर झालं असतं आणि इतर रुग्णांना उपयोगीही पडलं असतं. पण तिथलं लिखाण सर्जनला उद्देशून नसतं, ते पुढच्या रुग्णाला उद्देशून असतं. आणि आजाराचा तपशील आपल्या नावासह कायम उघड राहतो, जे गृहस्थांना नको होतं. सर्जनच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत स्वतःची जाहिरात करून रुग्ण मिळवणं बसत नाही, त्यामुळे अनेक डॉक्टर उघड स्तुतीपासून थोडे दूरच राहतात.

व्हॉट्सॲप संदेशाचा पर्याय सर्जनचा नंबर नसल्यामुळे आपोआप गळला. नंबर मिळवता आला असता. पण न दिलेला नंबर शोधून काढून त्यावर आभार पाठवणं बरं नव्हे, असं पत्नीचं मत पडलं आणि ते योग्य होतं.

भेटवस्तूचा विचार सर्वांत जास्त वेळ चालला. चांदीचा गणपती द्यायचा होता. महागडी वस्तू समोरच्याला पेचात टाकते: घेतली तर संकोच, नाकारली तर देणारा दुखावतो. वॉर्डात पेढे घरी सोडलं त्या दिवशीच वाटून झाले होते. शेवटी ठरलं, की हाताने लिहिलेलं एक पानी पत्र द्यायचं आणि सोबत काहीच नाही.

काय केलं

तिसऱ्या मसुद्याला बसण्यापूर्वी मुलीने वडिलांना एका कोऱ्या कागदावर फक्त दोन रकाने करायला सांगितले. एका बाजूला 'मी स्वतः पाहिलं किंवा ऐकलं', दुसऱ्या बाजूला 'मला दुसऱ्यांनी सांगितलं'. हे काम वाटतं तेवढं साधं नाही, कारण शस्त्रक्रियेच्या रुग्णाची एक विचित्र अडचण असते. सर्जनचं मुख्य काम चालू असताना तो झोपलेला असतो. 'तुम्ही अत्यंत कौशल्याने शस्त्रक्रिया केलीत' हे वाक्य लिहिणाऱ्याला ते कौशल्य दिसलेलं नसतं, आणि दिसलं असतं तरी पारखता आलं नसतं. सर्जनची पाठ तिचे सहकारी थोपटू शकतात. रुग्णाकडे जे असतं ते वेगळं आणि फक्त त्याच्याकडेच असतं: आधी काय सांगितलं गेलं, शुद्धीवर आल्यावर काय वाटलं, बाहेर बसलेल्यांशी कोण कसं बोललं, आणि आता घरी काय जमतं.

पहिल्या रकान्यात नऊ गोष्टी आल्या, दुसऱ्यात तीन. त्यातून पत्रासाठी चारच निवडल्या. नऊच्या नऊ घातल्या असत्या तर पुन्हा यादी झाली असती.

पाठवलेलं पत्र असं:

"आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

20 जानेवारीला तुम्ही माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया केलीत. दुर्बिणीने सुरू केलेली आणि पोट उघडून पूर्ण करावी लागलेली, साताऱ्याकडचा निवृत्त कारकून, असं सांगितलं तर आठवेल.

आठवडाभर आधी ओपीडीत तुम्ही मला सांगितलं होतं, की आत स्पष्ट दिसलं नाही तर मी पोट उघडीन, आणि तसं झालं तर काहीतरी बिघडलं असं समजू नका. तेव्हा मी मान डोलावली, पण मनापासून ऐकलं नव्हतं. शुद्धीवर आलो आणि पोटावर मोठी पट्टी दिसली, तेव्हा पहिल्यांदा मनात तेच आलं, काहीतरी बिघडलं. मग तुमचं वाक्य आठवलं आणि मी शांत पडून राहिलो.

आत काय झालं ते मला माहीत नाही, मी झोपलेलो होतो. बाहेर काय झालं ते माझ्या पत्नीने सांगितलं. ऑपरेशन लांबलं तेव्हा तुम्ही स्वतः थिएटरच्या दारापर्यंत आलात आणि तिला म्हणालात, 'त्यांची तब्येत ठीक आहे. आत सगळं चिकटलंय, मला नळ्या नीट दिसत नाहीत, म्हणून मी उघडून बघते.' ती म्हणते, त्यानंतरचे दोन तास काळजीत गेले, पण भीतीत गेले नाहीत. त्या दोन मिनिटांसाठी मी तुमचा आभारी आहे. आणि जिथे थांबायला हवं होतं तिथे तुम्ही थांबलात, त्यासाठीही.

वॉर्डात रात्रपाळीच्या सिस्टरनी मला खोकताना पोटाशी उशी धरायला शिकवलं. पहिले चार दिवस त्या उशीवर निघाले. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

आता दोन महिने झाले. टाक्यांच्या खाली थोडी बधिरता आहे, ती राहील असं तुम्ही म्हणाला होतात. सकाळी शेतावर चालत जातो, येऊन-जाऊन चार किलोमीटर. मागच्या एकादशीला रात्री उशिरापर्यंत भजनाला बसलो आणि झांजा मीच वाजवल्या.

या पत्राला उत्तराची अपेक्षा नाही. तुमच्या सहकाऱ्यांना दाखवायला माझी हरकत नाही, बाहेर कुठे छापू नये एवढी विनंती.

आपला,"

खाली सही, पूर्ण नाव आणि गाव.

निर्णयाच्या जागा

सर्वांत मोठा निर्णय कशाबद्दल आभार मानायचे हा होता. गृहस्थांना सुरुवातीला पोट उघडावं लागल्याचा उल्लेखच नको होता. त्यांना वाटत होतं, ते लिहिलं तर मॅडमना कमीपणा वाटेल. खरं तर उलट होतं. अशा शस्त्रक्रियेत दुर्बीण बाजूला ठेवणं हा सर्जनसाठी कठीण निर्णय असतो. वेळ वाढतो, जखम मोठी होते, नातेवाईकांच्या चेहऱ्यावर प्रश्न उभे राहतात, आणि टळलेली इजा कुणालाच दिसत नाही, कारण ती झालेली नसते. असा निर्णय रुग्णाला समजला आहे, हे सर्जनला क्वचितच कळतं. म्हणून पत्राचा कणा तोच ठेवला. मात्र वाक्य 'तुम्ही योग्य निर्णय घेतलात' असं नाही. तसं लिहिलं तर रुग्ण परीक्षकाच्या खुर्चीत बसतो. 'जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबलात' यात समज आहे, पण गुणपत्रिका नाही.

दुसरी जागा 'आपण' की 'तुम्ही' ही. कार्यालयात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातून 'आपण' सहज येतं आणि ते आदराचंच आहे. पण मराठीत 'आपण' म्हणजे 'मी आणि तुम्ही मिळून' असाही अर्थ होतो. 'आपण पोट उघडायचं ठरवलं' हे वाक्य दोन्ही प्रकारे वाचता येतं, आणि या पत्रात नेमकं कुणी ठरवलं हेच महत्त्वाचं होतं. 'तुम्ही' घेतल्यावर क्रियापदं बोलायला लागली: केलीत, आलात, म्हणालात, थांबलात. ओपीडीत ते दोघं ज्या भाषेत बोलत होते तीच भाषा कागदावर आली. शेवटी 'आपला' ठेवलं, कारण तिथे तो रूढ शब्द आहे आणि गोंधळाला जागा नाही.

मायन्यावरही थोडा वेळ गेला. सर्जन वयाने लहान, म्हणून 'साष्टांग नमस्कार' विचित्र दिसला असता. 'सस्नेह' लिहिलं तर वडीलकीचा सूर लागला असता, जो डॉक्टर-रुग्णाच्या नात्यात अस्थानी आहे. 'सप्रेम नमस्कार' मधोमध बसलं. 'महोदया' पहिल्याच वाचनात काढलं.

ओळख पटवणारं वाक्य वरवर किरकोळ आहे, पण ते दुसऱ्याच ओळीत हवंच. सर्जनला नावं आठवत नाहीत, पोटं आठवतात. नुसत्या नावाचं पत्र आलं तर ती आधी फाईल शोधत बसते किंवा अंदाजाने वाचते. महिना, अवयव आणि त्या केसमधली एक वेगळी गोष्ट सांगितली, की ती पुढच्या परिच्छेदात पूर्णपणे हजर असते. नोंदणी क्रमांक घालायचा मोह झाला होता. तो घातला नाही, कारण त्याने पत्राचा अर्ज होतो.

एक गोष्ट काढून टाकावी लागली आणि ती काढताना वाद झाला. तिसऱ्या मसुद्यात आधी एक वाक्य होतं: 'गावातल्या डॉक्टरांनी वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, तुम्ही पहिल्याच भेटीत ओळखलंत.' पित्ताच्या खड्यांचं दुखणं बऱ्याचदा ॲसिडिटीसारखं वाटतं, त्यामुळे हे घडू शकतं आणि राग येणंही साहजिक. पण एकाचे आभार मानताना दुसऱ्याला खाली ओढलं, की वाचणाऱ्याला बाजू घ्यावी लागते. इथे तर गावातल्या त्याच डॉक्टरांनी शेवटी सोनोग्राफी करायला पाठवलं होतं आणि या सर्जनचं नावही त्यांनीच सुचवलं होतं. वाक्य गेलं.

तक्रारीचंही तसंच. घरी जाण्याच्या दिवशी विम्याची मंजुरी येईपर्यंत कुटुंब संध्याकाळपर्यंत बसून होतं. हे पत्राच्या शेवटी 'फक्त एक सूचना' म्हणून लिहायचं होतं. अशी एक ओळ वाचणाऱ्याच्या मनात आधीच्या सगळ्या ओळींपेक्षा जास्त काळ राहते. शिवाय बिलाचा विभाग सर्जनच्या हातात नसतो. ती गोष्ट वेगळ्या कागदावर, तारीख-वेळांसह, रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला लिहिली. तिथे मात्र 'कळविण्यात येते की' शोभून दिसलं.

टाक्यांखालच्या बधिरतेबद्दल पत्रात प्रश्न विचारायचा होता: ही कधी जाईल? आभाराच्या पत्रात वैद्यकीय प्रश्न आला, की वाचणाऱ्यावर उत्तराची जबाबदारी येते आणि पत्राचा हेतू बदलतो. उत्तरही पत्रातून देता येत नाही, तपासावं लागतं. म्हणून प्रश्न पुढच्या तपासणीसाठी ठेवला आणि पत्रात त्याची नोंद फक्त 'तुम्ही सांगितलं होतं तसंच आहे' एवढ्याच स्वरात राहिली. ही ओळ ठेवावी का, यावर दोन मतं होती. ती ठेवल्यामुळे पत्र खरं वाटतं. सगळंच छान आहे म्हणणाऱ्या पत्रापेक्षा, थोडं उरलं आहे आणि ते अपेक्षितच होतं, असं म्हणणारं पत्र सर्जन जास्त विश्वासाने वाचते.

वेळेचा निर्णय अर्धा ठरवून आणि अर्धा योगायोगाने झाला. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवलं जातं आणि त्याचा अहवाल यायला काही दिवस लागतात. तो येण्यापूर्वी 'सगळं उत्तम झालं' लिहिणं घाईचं झालं असतं. शिवाय पोट उघडल्यावर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. त्या काळात लिहिलेल्या पत्रात 'आता काय जमतं' या परिच्छेदाला मजकूरच नसतो. दोन महिन्यांनी शेत होतं, भजन होतं. झांजांचं वाक्य गृहस्थांना पोरकट वाटत होतं, ते खोडून 'दैनंदिन कामे पूर्ववत सुरू आहेत' लिहिणार होते. सुदैवाने खोडलं नाही. बरगडीखालचा छेद भरून आल्याशिवाय माणूस हात उचलून तासन् तास झांजा वाजवू शकत नाही, हे सर्जनला त्या एका वाक्यात कळतं. डिस्चार्ज कार्डावरची 'प्रकृती समाधानकारक' तेवढं सांगत नाही.

परिणाम

पत्र ओपीडीच्या स्वागत-कक्षात बंद पाकिटात दिलं. तिथून ते रुग्णाच्या फाईलमध्ये गेलं, कारण पाकिटावर रुग्णाचं नाव ठळक आणि सर्जनचं बारीक होतं. कर्मचाऱ्याला वाटलं, रिपोर्ट आहे. सर्जनच्या हातात ते तीन महिन्यांच्या तपासणीलाच, फाईल उघडल्यावर पडलं. तिने ते रुग्णासमोरच वाचलं, ज्याची कुणालाच कल्पना नव्हती. गृहस्थ सांगतात, ते पाच मिनिटं खिडकीकडे बघत बसले होते.

वाचून झाल्यावर ती दोनच गोष्टी बोलली. एक, थिएटरच्या दारापर्यंत येण्याचा परिच्छेद तिला शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवायचा आहे, नाव झाकून चालेल का? मध्येच बाहेर येऊन नातेवाईकांना सांगण्याने खरंच काही फरक पडतो का, हा प्रश्न ते नेहमी विचारतात, असं ती म्हणाली. पत्रात सहकाऱ्यांना दाखवायची परवानगी आधीच होती, त्यामुळे हो म्हणायला वेळ लागला नाही. दुसरं तिने विचारलं, "उशीच्या सिस्टर कोण?" गृहस्थांना नाव माहीत नव्हतं. रात्रपाळी तिघींनी मिळून केली होती, तीन महिने उलटले होते, त्यांतली एक नोकरी सोडून गेली होती. तो नमस्कार कुणापर्यंत पोचला नाही.

बधिरतेचा प्रश्न त्याच भेटीत विचारून झाला. त्वचेच्या बारीक नसा छेदात कापल्या जातात, बरीचशी जाणीव काही महिन्यांत परत येते, थोडी जागा कायमही तशीच राहू शकते, असं उत्तर मिळालं.

काय वेगळं करता आलं असतं

सिस्टरचं नाव घरी जाण्यापूर्वी लिहून घ्यायला हवं होतं. डिस्चार्जच्या दिवशी औषधांची यादी, पुढची तारीख, बिल यांत हे कुणाच्या लक्षात राहत नाही, पण त्यानंतर नाव मिळणं जवळपास अशक्य असतं. नाव नसेल तर तारीख आणि पाळी तरी हवी: 'मुक्कामाची दुसरी रात्र' एवढं लिहिलं असतं, तर ड्यूटीच्या तक्त्यावरून शोधता आलं असतं. त्याहून बरं म्हणजे सिस्टरसाठी चार ओळींची वेगळी चिठ्ठी, वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरच्या नावे, त्याच आठवड्यात. सर्जनच्या पत्राला दोन महिने थांबण्याचं कारण होतं, उशीच्या चिठ्ठीला नव्हतं. सर्जनच्या पत्रात शेवटी जोडलेला नमस्कार सर्जनला चांगला वाटतो, पण तो पुढे नेण्याचं काम तिच्यावर पडतं.

पाकिटावर सर्जनचं नाव मोठं, त्याखाली 'व्यक्तिगत पत्र, रिपोर्ट नाही' असं लिहिलं असतं तर ते फाईलमध्ये गेलं नसतं. डॉक्टरांच्या सेक्रेटरीकडे किंवा ओपीडीत त्यांच्या दाराशी बसणाऱ्या मदतनिसाकडे दिलं असतं तरी चाललं असतं. स्वागत-कक्षात येणारा बहुतेक कागद रिपोर्टच असतो, आणि तिथली माणसं त्याच सवयीने हात चालवतात.

भूलतज्ज्ञ पत्रातून पूर्ण सुटले. एक तास ठरलेलं ऑपरेशन तीन तास चाललं, तेव्हा तितका वेळ रुग्णाला सांभाळणारा माणूस तो होता. दोन रकान्यांच्या कागदावर त्यांचं नाव कुठेच आलं नाही, कारण रुग्णाने त्यांना आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं पाहिलं होतं आणि पत्नीने मुळीच नाही. पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहायचं, या पद्धतीची ही मर्यादा आहे. जे दिसत नाहीत ते सुटतात. तिसरा रकाना 'मला दिसलं नाही, पण कुणीतरी केलं असणार' असा काढला असता, तर भूलतज्ज्ञ त्यात आले असते, आणि पत्रात एकच वाक्य पुरलं असतं: 'ऑपरेशन लांबल्यावर मला तेवढा वेळ सुखरूप झोपवून ठेवलं त्या डॉक्टरांचं नाव मला माहीत नाही, त्यांचेही आभार.'

गृहस्थांनी हे वाक्य नंतर एका पोस्टकार्डावर लिहून पाठवलं, पत्त्यात 'भूलशास्त्र विभाग' आणि शस्त्रक्रियेची तारीख घालून.